काढलेले अकरा सेकंद

देवळीचा माझा भाचा मागच्या उन्हाळ्यात एका संध्याकाळी वर्ध्याला माझ्याकडे आला, लॅपटॉप उघडून समोर ठेवला आणि म्हणाला, "मामा, हे पाहा न एकदा. आजच पाठवून राहिलो." नागपूरच्या एका छोट्या स्टुडिओला संकलक हवा होता. चार-पाच माणसांचा स्टुडिओ, शेती आणि आरोग्यावर काम करणाऱ्या संस्थांसाठी माहितीपट करणारा. नोकरी नव्हती, कामागणिक मानधन होतं. अर्जाचं पत्र आणि शोरील मागवलं होतं. माझं अर्धं आयुष्य लग्नाच्या व्हिडिओंचं मिक्सिंग करण्यात गेलेलं, म्हणून तो माझ्याकडे आला.

पत्र इंग्रजीत होतं, कुठून तरी उतरवलेलं. 'आदरणीय सर' अशी सुरुवात, मग 'मी अत्यंत मेहनती आणि सर्जनशील आहे', आणि त्याखाली नऊ सॉफ्टवेअरची नावं, प्रत्येकापुढे पाच चांदण्या. मी विचारलं, "स्टुडिओ कोणाचा आहे?" त्यानं जाहिरात पुन्हा काढली. खाली बाईंचं नाव होतं. तो ओशाळला.

"नऊ सॉफ्टवेअर येतात तुला?"

"येते म्हणजे... उघडून पाहिले हायेत."

"यातल्या किती सॉफ्टवेअरवर तू एखादं काम सुरू करून पूर्ण केलंस, आणि ते गिऱ्हाइकाच्या हातात दिलंस?"

त्यानं बोटं मोजली. तीन. एडिअस, कारण वर्ध्याच्या मिक्सिंग लॅबमध्ये तो दोन सीझन बसला होता आणि आपल्याकडे लग्नाचं बरंच काम एडिअसवरच होतं. डाव्हिन्ची रिझॉल्व्ह, कारण त्याची फुकट मिळणारी आवृत्ती घरी शिकता आली. आणि प्रीमिअर प्रो, तेही दोनच फिल्मपुरतं.

मी त्याला सांगितलं की पत्र राहू दे, आधी रील बघू.

रील दोन मिनिटं पन्नास सेकंदांचं होतं. एका गाजलेल्या सिनेमाच्या गाण्यावर बांधलेलं, ठेक्यागणिक कट. ड्रोनमधून दिसणारं लॉन, फटाके, हळदीचे उडालेले हात, घोड्यावरचा नवरदेव, सगळं संथ गतीत. बघायला छान होतं. मी स्पीकर बंद केला आणि म्हटलं, आता पुन्हा लाव.

आवाजाशिवाय ते रील पाच-सहा सेकंदांतच सैल पडलं. एका दृश्यातून दुसऱ्यात का गेलो, याचं उत्तर फक्त गाण्याच्या ठेक्यात होतं आणि तो ठेका काढल्यावर कारणच उरलं नाही. पावणेतीन मिनिटांत एकही माणूस बोलत नव्हता. माहितीपटाचा स्टुडिओ संकलकाकडे काय शोधतो? माणूस बोलत असताना त्याच्या तोंडावरून नजर कधी हलवायची, त्याचा आवाज चालू ठेवून चित्र त्याच्या शेताकडे कधी न्यायचं, पुढच्या माणसाचा आवाज आधी आणून चेहरा मागून कधी आणायचा, हे त्याला जमतं का, ते. यातलं काहीच त्या रीलमध्ये दिसत नव्हतं. शिवाय गाणं दुसऱ्याच्या मालकीचं. असं रील यूट्यूबवर चढवलं की हक्काचा दावा लागतो, कधी आवाज बंद होतो, कधी व्हिडिओच दिसेनासा होतो, आणि ज्यांना लिंक पाठवली त्यांच्यासमोर काळा पडदा येतो.

पण एक तुकडा आवाज बंद असतानाही मला धरून राहिला. अकरा सेकंदांचा. पाठवणीची वेळ, नवरी गाडीत बसलेली, काच अर्धी खाली. ती रडत नाही. काचेवर आतून बोट टेकवते, बाहेरून एक म्हातारा हात त्याच जागी येतो, आणि तेव्हा तिचा चेहरा मोडतो. कट नाही, एकच सलग शॉट. भाच्यानं त्याला हात लावला नव्हता, त्याची लांबी तेवढी बरोबर राखली होती. त्या रीलमधलं सर्वांत चांगलं संकलन तेच होतं.

"हे कोणाचं लग्न?"

"पुलगावकडचं एक घर हाये. दोन वर्षं झाले."

"त्यांना विचारलंस का, की हे मी दुसऱ्यांना दाखवतो?"

"मामा, सगळेच टाकतात. आन् मिक्सिंग तं मीच केलं न."

हा प्रश्न मलाही कोणी वीस वर्षं विचारला नव्हता, आणि मीही तोवर कोणाला विचारला नव्हता. आपल्या धंद्यात समज अशी की शूटिंग आपलं, मिक्सिंग आपलं, म्हणून फुटेजही आपलंच. कायदा तसं म्हणत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम १७ सांगतं की कोणी मोबदला देऊन आपल्यासाठी फोटो किंवा फिल्म करवून घेतली, तर वेगळा करार नसेल तेव्हा त्या फिल्मचा पहिला हक्कदार करवून घेणाराच असतो. म्हणजे लग्नाच्या फिल्मचे मालक त्या घरचे लोक. संकलकाकडे राहते ती एक प्रत, आणि तीही बहुतेक वेळा हार्ड डिस्क पुसायची राहून गेली म्हणून.

पण मला कायद्यापेक्षा ती मुलगी दिसत होती. तिनं कॅमेऱ्यापुढे रडायचं कबूल केलं नव्हतं. तिच्या घरच्यांनी घरातल्या आठवणीसाठी कॅमेरा बोलावला होता. नागपूरच्या कार्यालयात चार अनोळखी माणसं तिचं रडणं बघून 'संकलन चांगलं आहे' म्हणतील, हे त्या बोलावण्यात नव्हतं.

मी भाच्याला सांगितलं, विचारून ये. फोन करू नको, जा.

पुलगाव देवळी तालुक्यातच आहे. तो दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीवर गेला. घरच्यांनी ओळखलं, पाणी दिलं, चहा केला. मुलगी सासरी होती. वडिलांनी त्याच्या मोबाइलवर ते अकरा सेकंद पाहिले, दोनदा पाहिले. मग म्हणाले, "तुम्ही काम चांगलं केलं बाप्पा. तो हात माह्या आईचा हाये, ती आता नाही. पण हे घरातल्यासाठी हाये. लोकायले दाखवाले नाही." भाचा म्हणाला, नाव कुठेच देणार नाही. त्यांनी मान हलवली. नाही म्हणजे नाही. निघताना त्यांनी उलट त्याच्याकडे तो तुकडा मागितला, कारण त्यांची पेन ड्राइव्ह खराब झाली होती. भाच्यानं तिथेच बसून त्यांच्या मोबाइलमध्ये तो टाकला.

संध्याकाळी तो परत आला तेव्हा चिडलेला होता. रीलमधली एकच खरी चांगली गोष्ट हातातून गेली होती. मी त्याची समजूत काढली नाही, कारण त्याचं नुकसान झालं होतं हे खरंच होतं.

आता उरलं काय? मी त्याला विचारलं, लग्न सोडून तू पूर्ण केलेलं काही आहे का? तो म्हणाला, वस्तादची एक फिल्म आहे, तीन मिनिटांची, पण ती साधी आहे.

देवळी कुस्तीचं गाव. एका तालमीत एक म्हातारे वस्ताद आहेत, आता खेळत नाहीत, पोरांना शिकवतात. भाचा लहानपणी त्यांच्याकडे दोन वर्षं गेला होता. एका गणपतीत मंडळानं त्यांचा सत्कार ठेवला तेव्हा पडद्यावर दाखवायला त्यानं ती फिल्म केली होती. एक कॅमेरा मित्राचा, एक स्वतःचा मोबाइल. सत्तेचाळीस मिनिटांची मुलाखत, त्यातून तीन मिनिटं.

मी ती बघितली. दुसऱ्या मिनिटाला भाचा पडद्यामागून विचारतो, शेवटची कुस्ती केव्हा खेळले? वस्ताद हौद्याच्या कडेला बसलेले. ते उत्तर देत नाहीत. हौद्यातली माती उचलतात, हळद, ताक, तेल घालून कसलेली तांबडी माती, आणि ती दोन तळव्यांत चोळू लागतात. ढेकूळ फुटतं, बारीक होतं, बोटांमधून गळतं. मग म्हणतात, "भाऊ गेला त्या साली." बस.

"हे मातीचं किती लांब ठेवलंस?"

"नऊ सेकंद. पहिल्यांदा काढूनच टाकलं होतं. मंडळाचे लोक म्हणे, डेड आहे, उडव. काढलं तं असं वाटे का वस्ताद तारीख सांगून राहिले. मग परत ठेवलं."

मी त्याला म्हटलं, हे लिही. तुझं पत्र हेच आहे.

तो माझ्याकडे बघत राहिला. त्याला वाटत होतं की पत्रात गुण सांगायचे असतात. पण संकलकाचा गुण सांगून दिसत नाही. संकलकानं काय ठेवलं आणि काय टाकलं, आणि का, एवढंच त्याच्याकडे दाखवण्यासारखं असतं. 'मला कथनाची जाण आहे' हे वाक्य कोणीही लिहील. नऊ सेकंद काढून परत ठेवल्याचं वाक्य ज्यानं ते केलं तोच लिहू शकतो.

मग मी विचारलं, या फिल्ममध्ये काय बिघडलं होतं? तो पटकन म्हणाला, आवाज. मोबाइलच्या शॉटमध्ये सुरुवातीला ओठ आणि शब्द जुळायचे, पण चाळिसाव्या मिनिटाला चित्र चौदा फ्रेम पुढे गेलं होतं. पंचवीस फ्रेमच्या टाइमलाइनवर एक फ्रेम म्हणजे एका सेकंदाचा पंचविसावा भाग, तेव्हा चौदा फ्रेम म्हणजे अर्ध्या सेकंदाहून जास्त. वस्तादचे ओठ आधी हलायचे आणि शब्द मागून यायचे. त्यानं आधी दर दोन मिनिटांवर तुकडा कापून हातानं सरकवला. एक आख्खी रात्र गेली. पुढं त्याला कळलं की मोबाइल दर सेकंदाला ठरावीक फ्रेम घेत नाही, उजेड कमी झाला की मधेच कमी घेतो. सॉफ्टवेअर मात्र गती कायम धरून चालतं, म्हणून फरक हळूहळू साचत जातो. मीडियाइन्फोमध्ये ती फाइल उघडली तर सरळ लिहिलेलं येतं: `Frame rate mode: Variable`. उपाय असा की संकलनाला हात लावण्याआधीच हँडब्रेकमधून `Constant Framerate` निवडून नवी फाइल काढायची आणि तीच टाइमलाइनवर घ्यायची.

खूण साधी आहे. फरक पहिल्यापासून शेवटपर्यंत तेवढाच असेल तर दोन फाइलींची सुरुवात चुकलेली असते, एकदा सरकवलं की काम झालं. सुरुवातीला जुळतं आणि पुढं वाढत जातं, तर गतीचा दोष. म्हणून मुलाखतीच्या आरंभी एक टाळी वाजवून घेतात, आणि शहाणा माणूस शेवटीही एक वाजवून घेतो. भाच्यानं शेवटची टाळी घेतली नव्हती.

"हेही लिही," मी म्हटलं.

"मामा, चूक लिहू?"

"त्या बाईंकडेही मोबाइलवरचं फुटेज येतच असेल. गावोगावचे कार्यकर्ते काढून पाठवतात. तिथे कोणाची तरी रात्र यातच जात असेल."

नवं रील करायला त्याला तीन दिवस लागले. ऐंशी सेकंदांचं झालं, गाण्याशिवाय. सुरुवात वस्तादच्या हातांनी. रील उघडणारा माणूस पहिल्या दहा सेकंदांत पुढं बघायचं की नाही हे ठरवतो, आणि त्या दहांतले नऊ त्यानं मातीला दिले. मला ते धाडसाचं वाटलं, पण मी अडवलं नाही. त्यानंतर एका जिनिंगमधल्या कामगाराचं बोलणं, आवाज त्याचा आणि चित्र कापसाच्या ढिगाचं. मग लग्नाचे दोनच तुकडे, ज्या दोन घरांनी हो म्हटलं त्यांचे. त्यानं एकूण सहा घरांना विचारलं होतं. दोन हो, तीन नाही, एकानं फोन उचलला नाही. न उचलणाऱ्याचं फुटेजही त्यानं काढून टाकलं. वस्ताद तर स्वतःचे नऊ सेकंद मोबाइलवर बघून हसले आणि दाखव म्हणाले. प्रत्येक तुकड्याच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत लिहिलं: 'संकलन', किंवा 'संकलन आणि रंगकाम', किंवा 'चित्रीकरण मित्राचं'. एक ड्रोनचा शॉट त्यानं काढून टाकला, कारण तो त्यानं घेतलेला नव्हता आणि कापलेलाही नव्हता, नुसता शेवटी जोडला होता.

पत्र त्यानं मराठीत लिहिलं. वर बाईंचं नाव, आणि खाली हे:

'सप्रेम नमस्कार. तुमच्या स्टुडिओची बोंडअळीवरची फिल्म मी तीन वेळा पाहिली. त्यात एक शेतकरी बाई बोलता बोलता थांबतात आणि तुम्ही तिथं कट केलेला नाही. म्हणून तुम्हाला लिहावंसं वाटलं.

मी देवळीत राहतो आणि पाच वर्षं संकलन करतो, बहुतेक लग्नांचं. गावातल्या एका वस्तादांवर मी तीन मिनिटांची फिल्म केली. सत्तेचाळीस मिनिटांच्या मुलाखतीत ते एका प्रश्नावर नऊ सेकंद गप्प राहून हातात माती चोळतात. पहिल्या कटमध्ये मी ती जागा काढली होती. काढल्यावर त्यांचं उत्तर नुसती माहिती वाटू लागलं, म्हणून परत ठेवली. रीलची सुरुवात तिथूनच आहे.

याच फिल्ममध्ये मोबाइलच्या फुटेजचा आवाज चाळिसाव्या मिनिटाला चौदा फ्रेमनं सुटला होता. तेव्हा मी तो हातानं जोडला. आता असं फुटेज आलं की कामाआधीच गती कायम करून घेतो.

रील ऐंशी सेकंदांचं आहे. कोणत्या तुकड्यात माझं काम काय, ते कोपऱ्यात लिहिलं आहे. लग्नाचं काम त्यात कमी दिसेल. ज्या घरांनी परवानगी दिली नाही त्यांचं फुटेज मी काढून टाकलं आहे. माझं सर्वांत चांगलं काम त्यातच होतं, ते मी दाखवू शकत नाही.

एडिअस आणि डाव्हिन्ची रिझॉल्व्हवर मी रोज काम करतो. तुम्ही प्रीमिअरवर काम करता असं जाहिरातीत आहे. प्रीमिअरवर मी दोन फिल्म पूर्ण केल्या आहेत, त्यामुळे पहिल्या कामाला मला वेळ थोडा जास्त लागेल. रिझॉल्व्हमध्ये कापून तुमच्याकडे पाठवलं तर कट जातील, पण रंगकाम आणि अक्षरं नीट जाणार नाहीत. म्हणून तुमचं काम मी सुरुवातीपासून प्रीमिअरमध्येच करेन.

माझ्या मशीनला १६ जीबी रॅम आहे. फोर-के थेट चालत नाही, प्रॉक्सी करून चालतं. रशची हार्ड डिस्क एकदा माझ्याकडे आली की नंतर फक्त प्रोजेक्ट फाइल पाठवता येते, ती काही एमबीची असते. फोल्डरची नावं मी बदलत नाही.

नोव्हेंबरात घरी कापूस वेचणी असते, तेव्हा दोन आठवडे मी अर्धा वेळच देऊ शकेन.

आपला नम्र'

मी त्यातला एकही शब्द बदलला नाही. पाठवण्याआधी एकच गोष्ट केली. त्यानं दिलेली रीलची लिंक माझ्या बायकोच्या मोबाइलवर उघडली, जिथं त्याचं खातं नव्हतं. पडद्यावर आलं: परवानगी मागा. त्यानं ड्राइव्हवर फाइल चढवली होती, पण ती फक्त स्वतःपुरती खुली होती. त्याच्या मोबाइलवर ती रोज उघडत होती, म्हणून त्याला कधी कळलंच नसतं. `Anyone with the link` केल्यावर उघडली. मिक्सिंगमधली पोरं मला नेहमी सांगतात की चार जागी पाठवलं, कोणाचं उत्तर नाही. त्यातली किती पत्रं या एका बंद दारापाशी अडली असतील, असं मला तेव्हा वाटून गेलं.

पाचव्या दिवशी बाईंचा फोन आला. भाच्यानं स्पीकरवर टाकला, मी शेजारीच बसलो होतो. त्यांनी वस्तादबद्दल विचारलं, प्रीमिअरबद्दल विचारलं. मग म्हणाल्या, "जे काम दाखवता येत नाही असं लिहिलंय, ते कसलं आहे?"

मला वाटलं, आता हा त्यांना सगळं वर्णन करून सांगेल. त्यानं सांगितलं, "मॅडम, एका लग्नातला शॉट होता. घरचे नाही म्हणाले. त्यात काय होतं हे सांगितलं तरी दाखवल्यासारखंच होईल."

पलीकडे थोडा वेळ आवाज आला नाही. मग त्या बोलल्या. आधीच्या एका संकलकानं त्यांच्या फिल्ममधल्या एका बाईची मुलाखत स्वतःच्या रीलमध्ये टाकली होती. नवरा गेल्यानंतर कर्ज कसं फेडलं, हे ती बाई बोलली होती, संस्थेच्या प्रशिक्षणापुरतं दाखवायचं या अटीवर. रील फिरत फिरत तिच्याच गावात पोचलं. स्टुडिओच्या बाई तिच्या घरी माफी मागायला गेल्या होत्या आणि तिनं दार उघडलं नव्हतं. त्या गावात स्टुडिओ पुन्हा कॅमेरा नेऊ शकला नाही.

"प्रीमिअर तुम्ही महिन्याभरात शिकाल," त्या म्हणाल्या. "एक चाचणीचं काम पाठवते. त्याचे पैसे मिळतील."

फोन ठेवल्यावर भाच्यानं मला विचारलं, "मामा, पुलगावचे हो म्हटले असते तं?" मी त्याला खरं तेच सांगितलं, की तर रील जास्त चांगलं झालं असतं.

चाचणीत त्यानं दोन चुका केल्या. एका गावाचं नाव पट्टीवर चुकीचं लिहिलं, आणि एका ठिकाणी बोलणाऱ्याचं वाक्य कापून असं जोडलं की त्याच्या म्हणण्यातला 'कधी कधी' गेला आणि 'नेहमी' असा अर्थ झाला. पहिली चूक बाईंनी एका ओळीत कळवली. दुसरीसाठी त्यांनी फोन केला आणि पाऊण तास बोलल्या. तो पाऊण तास भाच्यानं वहीत उतरवून ठेवला आहे. नंतर काम सुरू झालं. वर्षभर भरेल इतकं नाही, लग्नाचा सीझन त्यानं सोडलेला नाही. पण आता लग्नाच्या कामाची बोलणी करताना तो एक साधा कागद पुढे करतो: रीलमध्ये दाखवू का, हो किंवा नाही. बहुतेक लोक आधी दचकतात, मग वाचतात.

पहिल्या पूर्ण कामाची हार्ड डिस्क नागपूरहून आली तेव्हा मी देवळीत ताईकडेच होतो. भाच्यानं ती लावली. आत तारखेवार फोल्डर होते, प्रत्येकात कॅमेऱ्याचा एक आणि आवाजाचा एक. सगळ्यांच्या वर एक फोल्डर होता, `00_SAMMATI` नावाचा. त्यानं तो आधी उघडला. आत एकवीस कागदांचे फोटो होते. एकोणीस सह्या आणि दोन अंगठे.